क्राउडफंडिंगचं पेज तपासून द्याल का? भाचीचं लिव्हर ट्रान्सप्लांट, टार्गेट 35 लाख

कराडचा_मामा
नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीची मुलगी 11 महिन्यांची आहे, तिला बिलिअरी अट्रेझिया आहे, पित्ताच्या नळ्या जन्मतःच बंद. तिसऱ्या महिन्यात मुंबईला कसाई नावाचं ऑपरेशन झालं पण कावीळ उतरलीच नाही, आता पोटात पाणी होतंय आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सांगितलंय. दाजी टेम्पो चालवतात, घरचं काय होतं ते आधीच्या ऑपरेशनला गेलं. आम्ही क्राउडफंडिंगचं पेज बनवतोय, अजून लाइव्ह केलेलं नाही. इथं बरेच जण अशा पेजवर पैसे देतात म्हणून विचारतोय, हे वाचून तुम्ही पैसे द्याल का ते खरंखरं सांगा. मजकूर असा आहे:

"फक्त 10 दिवस! आमच्या चिमुकलीला वाचवा! तिचं लिव्हर पूर्ण निकामी झालं आहे. तिचे बाबा स्वतःचं लिव्हर द्यायला तयार आहेत, पण गरिबी आड येते. उपचारासाठी 35 लाख रुपये लागणार आहेत. तुमचे 100 रुपयेसुद्धा तिचा जीव वाचवू शकतात. कृपया जास्तीत जास्त शेअर करा. थेट मदतीसाठी मामाचा जीपे नंबर खाली दिला आहे."

खाली हॉस्पिटलचं एस्टिमेटचं पत्र, बाळाचे तीन फोटो आणि माझा नंबर.

विन्या_सोलापूर
दादा राग मानू नका पण हे वाचून मी पुढं स्क्रोल केलं असतं. अशी पेजं रोज येतात, 10 दिवस, चिमुकली, शेअर करा. आणि मुळात महात्मा फुले योजनेत 5 लाखापर्यंत सगळं फुकट होतं ना आता, मग 35 लाख कशाला? जे योजनेत होतं त्यासाठी पैसे मागितले की मी ते फेकच समजतो.

शुभदा_के
विन्या, अर्धं बरोबर आहे तुमचं. योजनेची नेहमीची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहे, पण ते पैसे हातात मिळत नाहीत. ठरलेल्या उपचारांची यादी असते आणि त्या यादीतलं ऑपरेशन त्या उपचारासाठी मान्यता असलेल्या हॉस्पिटलातच होतं. शिवाय लिव्हर ट्रान्सप्लांटचा खर्च 5 लाखाच्या बराच वर जातो. त्यामुळे योजना आहे म्हणजे पेज खोटं असं नाही. पण तुम्हाला आलेली शंका शंभरातल्या नव्वद जणांना येणार, म्हणून तिचं उत्तर पेजवरच पाहिजे. "अमुक हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारलं, त्याने असं सांगितलं", एवढी एक ओळ.

मामा, मी मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक आहे, असे कागद रोज हातातून जातात. दोन गोष्टी आधी सांगा. एस्टिमेटच्या पत्रात नेमका आकडा किती आहे आणि दाता म्हणून कोणाचं नाव आहे? पत्र वाचता येईल असं इथं टाकू नका, त्यावर बाळाचा यूएचआयडी, म्हणजे हॉस्पिटलचा पेशंट नंबर असणार. फक्त आकडे लिहा.

कराडचा_मामा
ताई, पत्रात ट्रान्सप्लांटचं पॅकेज 17 लाख आहे. त्यात आई आणि बाळ दोघांचं ऑपरेशन, बाळाचे 21 दिवस आणि आईचे 7 दिवस. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की रक्त आणि प्लेटलेट वगैरे, पॅकेजवरचे जादा दिवस, डिस्चार्जनंतरची औषधं यात नाहीत. दाता म्हणून बहिणीचं नाव आहे. आधी दाजींचीच तपासणी झाली होती पण त्यांना फॅटी लिव्हर निघालं म्हणून नको म्हणाले, मग बहिणीचं केलं, तिचं जुळलं. पेजचा मजकूर आधी लिहिलेला, तो बदलायचा राहिला.

जोशीकाका_नाशिक
कराडकर, मी रिटायर झाल्यापासून दर महिन्याला ठरावीक रक्कम अशा पेशंटना देतो, त्यामुळे देणारा काय बघतो ते सांगतो. मी आधी गोष्ट वाचतो आणि मग कागद उघडून दोन्ही जुळतात का बघतो. तुमच्या पेजवर बाबा लिव्हर देणार आणि पत्रात आई, इथंच मी बंद केलं असतं. तुम्ही खोटं बोलत नाही हे आता कळलं, पण पेज वाचणाऱ्याला ते कसं कळणार? उलट बाबांचं फॅटी लिव्हर निघालं म्हणून आई पुढे आली, हे लिहिलंत तर माझ्यासारख्याचा पटकन विश्वास बसतो, कारण असं कोणी मनाने रचत नाही, ज्याच्या घरात घडलंय तोच लिहितो.

दुसरं ते 10 दिवस. पत्रात 10 दिवस लिहिलंय का?

कराडचा_मामा
नाही काका. डॉक्टर तोंडी म्हणाले की सहा ते आठ आठवड्यात करून टाका, पोटातलं पाणी वाढतंय, इन्फेक्शन झालं तर अवघड होईल. 10 दिवस हे ज्या माणसाने पेज बनवून दिलं त्याने टाकलं.

शुभदा_के
ते काढा, आजच. सहा ते आठ आठवडे हे काही कमी गंभीर वाटत नाही. आणि बाराव्या दिवशी पेज तसंच चालू दिसलं की आधी पैसे दिलेल्या माणसालासुद्धा फसल्यासारखं वाटतं. "लिव्हर पूर्ण निकामी" हे पण बदला. पत्रात डायग्नोसिस आहे तसं लिहा: बिलिअरी अट्रेझिया, कसाईनंतर कावीळ कमी झाली नाही, पोटात पाणी. कसाई दोन महिन्यांच्या आत झालं तर यशाची शक्यता जास्त असते, तिसऱ्या महिन्यात झालंय म्हणजे निदान उशिरा झालं हे डॉक्टर असलेल्या वाचकाला लगेच कळतं. पांढरी शी होत होती, गावात साधी कावीळ म्हणून औषध चालू होतं, असं काही घडलं असेल तर सरळ लिहा, कोणाला दोष न देता.

आता मुख्य प्रश्न. पत्र 17 लाखाचं आणि टार्गेट 35. मधले 18 कुठून आले?

कराडचा_मामा
तेच सांगायचं होतं. एक एजन्सीवाला भेटला, त्याचं म्हणणं टार्गेट डबल टाका, कारण फेसबुक इन्स्टाच्या जाहिराती त्याची माणसं चालवणार आणि जमलेल्यातले 30 टक्के त्यांचे, वर वेबसाइटचं कटिंग, आणि टार्गेट मोठं दिसलं की लोकं जास्त देतात. आम्हाला यातलं काही कळत नाही, वेळ कमी आहे, म्हणून हो म्हणालो. अजून सही केलेली नाही.

विन्या_सोलापूर
30 टक्के?? म्हणजे माझ्या 1000 मधले 300 जाहिरातीला आणि पेजवर लिहिलंय उपचारासाठी 35 लाख. हेच मी म्हणत होतो.

पराग_डिजिटल
थोडी दुसरी बाजू. मी जाहिरातींचंच काम करतो. ज्या घराची ओळखपाळख मोठी नाही त्यांचं पेज नुसतं व्हॉट्सअपवर फिरवून 2-3 लाखाच्या पुढे सरकत नाही, अनोळखी माणसापर्यंत पोचायला पैसा लागतो हे वास्तव आहे. 30 टक्के देऊनसुद्धा 10 लाख जास्त जमणार असतील तर बाळाच्या बाजूने तो सौदा वाईट कसा? फक्त लपवू नये एवढं मान्य.

शुभदा_के
पराग, लपवू नये एवढ्यावरच सगळं अडतं ना. "तुमच्या 100 मधले 30 जाहिरातीला जातील" असं पेजवर लिहून बघा किती जण देतात. आणि जमलेल्यातले 30 टक्के म्हटलं की मामाच्या गल्लीतल्या लोकांनी ओळखीवर दिलेल्या पैशातले पण 30 टक्के जातात, त्यात जाहिरातीचा काय संबंध? करायचंच असेल तर जाहिरातीतून आलेल्या देणग्यांपुरता करार करा, खर्चाची कमाल मर्यादा आकड्यात ठरवा आणि ती पेजवर लिहा. माझं मत विचाराल तर पहिले दोन आठवडे जाहिरात नकोच.

मामा, आपण आकडा खालून वर बांधू या. मी विचारते, तुम्ही सांगा. पॅकेज 17 लाख. रक्त आणि रक्तघटकांसाठी कोऑर्डिनेटरने किती धरायला सांगितलं? आयसीयूत दिवस वाढले तर राखीव किती? डिस्चार्जनंतर पुण्यात किती दिवस राहायचं आहे?

कराडचा_मामा
रक्तासाठी दीड लाख धरा म्हणाल्या कोऑर्डिनेटर मॅडम. राखीव 2 लाख तरी ठेवा, बऱ्याच बाळांचे दिवस वाढतात. डिस्चार्जनंतर तीन महिने हॉस्पिटलच्या जवळ राहायला लागणार, आठवड्याला रक्त तपासणी. खोली 12 हजार महिना बघितलीय, तिघांचं जेवण आणि येणंजाणं धरून तीन महिन्यांचे 60 हजार तरी. औषधं आणि तपासण्या मिळून महिन्याला 15 हजाराच्या आसपास सांगितल्यात, टॅक्रोलिमस तर कायमच चालू राहणार. आधीच्या तपासण्यांना 1 लाख 40 हजार गेलेत, ते उसने घेतलेत.

शुभदा_के
औषधं सहा महिन्यांची धरा, 90 हजार. आयुष्यभराची औषधं क्राउडफंडिंगमधून मागता येत नाहीत, पण ती कायम लागणार आणि सहा महिन्यांनंतर घरचे कसं बघणार हे मात्र लिहावं. म्हणजे 17 लाख, दीड लाख, 2 लाख, 60 हजार, 90 हजार. बेरीज 22 लाख.

आता तुमच्या बाजूचं काय आहे? हे लोक लिहीत नाहीत, लाजतात, आणि तिथेच पेज कच्चं राहतं. आईवडील स्वतः किती घालतायत ते दिसलं की देणाऱ्याचा हात पुढे येतो.

कराडचा_मामा
बहिणीचे दागिने गहाण टाकून आणि दाजींच्या भिशीचे मिळून 3 लाख. आम्ही भावंडं मिळून 1 लाख. एका ट्रस्टचं 2 लाखाचं मंजुरीचं पत्र आलंय, ते चेक थेट हॉस्पिटलच्या नावाने देतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज केलाय, अजून काही कळलं नाही.

शुभदा_के
6 लाख झाले. 22 मधून 6 गेले, उरले 16. सहाय्यता निधीचे आत्ता वजा करू नका, मंजूर नाहीत. पण "अर्ज केला आहे, मिळाले तर तेवढं टार्गेट कमी करू" हे लिहा. पेमेंट गेटवेचे आणि त्यावरच्या जीएसटीचे मिळून साधारण 3 टक्के धरले तर 16 लाख हातात यायला साडेसोळा लाख जमावे लागतात. प्लॅटफॉर्मचा स्वतःचा दर वेगळा असतो, काही ठिकाणी तो शून्य आहे आणि ते देणाऱ्याकडून टिप घेतात, तुमच्या करारात काय आहे ते बघा.

म्हणजे टार्गेट 16 लाख 50 हजार. 35 नाही. आणि तपासणीचे 1 लाख 40 हजार उसने आहेत ते मागायचे असतील तर वेगळी ओळ करून "आधी झालेला खर्च" असं स्पष्ट लिहा, पुढच्या खर्चात मिसळू नका.

विन्या_सोलापूर
झालेला खर्च मागू नये असं माझं मत. लोक उपचाराला देतात, कर्ज फेडायला नाही.

शुभदा_के
उधारीमुळेच पुढचे उपचार अर्धवट सोडून गेलेली घरं मी बघितलीत विन्या, त्यामुळे मला त्यात चूक वाटत नाही. देणारा ठरवेल, आपण फक्त दाखवायचं.

कराडचा_मामा
आम्ही ते नाही मागत ताई, ते आमचं आम्ही फेडू.

तालीम_मंडळ_इस्लामपूर
चांगला धागा आहे. आमच्या तालमीच्या नवीन इमारतीसाठी पण असंच पेज करायचं चाललंय, 40 लाख टार्गेट ठेवतोय. टार्गेट मोठं ठेवलं तर लोक जास्त देतात का कमी? कोणाला अनुभव?

जोशीकाका_नाशिक
तालीमवाले, तुमचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू. एवढंच सांगतो की इमारतीला इंजिनिअरचं अंदाजपत्रक लागेल, जसं यांना हॉस्पिटलचं लागलं.

कराडकर, मोठ्या आकड्याबद्दल. 2021 साली मुंबईतल्या एका बाळासाठी एसएमए या दुर्मिळ आजाराच्या इंजेक्शनला 16 कोटी मागितले होते आणि लोकांनी दिले, कारण त्या एका औषधाची किंमतच तेवढी होती आणि ती कोणालाही तपासता येत होती. आकडा मोठा की लहान याने मला फरक पडत नाही. आकड्यामागे कागद आहे का, एवढंच मी बघतो. तुमच्या 35 मागे 17 चा कागद होता.

आणि तो जीपे नंबर. पेजवर एक मीटर चालू आहे आणि खाली मामाचा जीपे. मग एकूण किती जमले हे मला कसं कळणार? बाळाचे फोटो चोरून स्वतःचा क्यूआर चिकटवणारे पण असंच करतात, त्यामुळे खरं पेजसुद्धा तसंच दिसायला लागतं.

कराडचा_मामा
काका, अडचण अशी की आमच्याकडची माणसं वेबसाइटवर कार्ड टाकायला घाबरतात. दूध डेअरीतले, टेम्पो स्टँडवरचे, ते म्हणतात तुझ्या जीपेवर टाकतो नाहीतर हातात देतो. त्यांना नाही कसं म्हणू?

शुभदा_के
नाही म्हणू नका. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बाळाच्या यूएचआयडी नंबरवर डिपॉझिट भरता येतं, कोणीही भरू शकतं, लगेच पावती मिळते. स्टँडवर वही फिरवा, दर शनिवारी जमलेले एकत्र नेऊन भरा आणि पावतीचा फोटो अपडेटमध्ये टाका, नंबर झाकून. मग "पेजबाहेर जमलेले आणि हॉस्पिटलात भरलेले: इतके" अशी ओळ पेजवर ठेवा आणि तेवढं टार्गेट खाली आणा. तुमचा जीपे मजकुरातून काढा.

पेजवरचे पैसे पण तसेच. बहुतेक प्लॅटफॉर्म थेट हॉस्पिटलच्या खात्यात पाठवतात, तो पर्याय मागून घ्या. पॅकेज, रक्त, राखीव मिळून साडेवीस लाख हॉस्पिटलचा भाग आहे, खोली आणि औषधांचे दीड लाख तेवढे बहिणीच्या खात्यात, तुमच्या नाही. कोणत्या खात्यात काय जाणार हे दोन वाक्यांत लिहा.

हिशोबनीस_सांगली
शुभदाताई बोलल्या त्यात कराची एक बाजू. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात 50 हजाराच्या वर आलेली रक्कम कायद्याने उत्पन्न धरली जाऊ शकते. उपचारासाठी आली म्हणून आपोआप सूट मिळते असं समजू नका. थेट हॉस्पिटलला गेली आणि बिलं हातात असली तर निदान मांडायला काहीतरी राहतं, तरी तुमच्या सीएला आधी विचारा. आणि पेजवर "80जी सूट मिळेल" असं कोणी सुचवलं तर टाकू नका. ती सूट नोंदणी असलेल्या संस्थेला दिलं तर मिळते, एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या पेजवर नाही.

विन्या_सोलापूर
मी तर आजवर सगळ्याला 80जी मिळतं असंच समजत होतो.

न्यूजर्सीची_प्राची
मामा, मला द्यायचेत. पण इथून कार्डने दिलं तर चालतं का? माझ्या एका मैत्रिणीचं पेमेंट परत आलं होतं अशाच पेजवरून.

हिशोबनीस_सांगली
पासपोर्ट भारताचा आहे का? एनआरआयने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय असली तरी, तर परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा लागू होऊ शकतो आणि नोंदणी नसलेल्या माणसाला ते घ्यायला अडचण येऊ शकते. मैत्रिणीचं कदाचित त्यामुळे परत आलं असेल. मामा, पेज बनवताना परदेशी कार्ड चालू ठेवायचं की नाही ते प्लॅटफॉर्मला विचारून घ्या, उगाच बाळाचे पैसे अडकायला नकोत.

न्यूजर्सीची_प्राची
पासपोर्ट भारताचाच आहे. बरं, अजून एक. पैसे देताना खाली टिप आपोआप लागलेली असते, मला आधी वाटलं ती पेशंटला जाते. पेजवर लिहाल का की ती बाळाला मिळत नाही आणि बदलता येते?

कराडचा_मामा
लिहितो ताई. मला पण हे माहीत नव्हतं.

शुभदा_के
तीन गोष्टी राहिल्यात, मग मजकूर लिहू.

एक, तुमचं हॉस्पिटल ट्रस्टचं आहे म्हणजे ते धर्मादाय रुग्णालय असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारापर्यंत निर्धन, 3 लाख 60 हजारापर्यंत दुर्बल. दाजींचा तहसीलदाराचा दाखला कितीचा आहे? ट्रान्सप्लांटसारख्या मोठ्या बिलात पूर्ण सवलत क्वचित बसते, त्या निधीत शिल्लक किती यावर पण असतं, पण अर्ज न करता पेज लाइव्ह केलंत तर कोणीतरी विचारणारच.

दोन, ऑपरेशनची तारीख द्यायला हॉस्पिटल किती डिपॉझिट मागतंय?

तीन, हे लिहायला जड जातं पण लिहावं लागतं. पैसे टार्गेटपर्यंत पोचले नाहीत, किंवा जास्त झाले, किंवा ऑपरेशनच होऊ शकलं नाही, तर पैशाचं काय? मी बघितलंय, दुर्दैवाने बाळ गेलं आणि पेजवर 6 लाख पडून राहिले, घरचे दुःखात आणि देणारे कमेंटमध्ये हिशोब मागतायत. त्या आईबापावर तेव्हा उत्तर द्यायची वेळ यायला नको, म्हणून आधीच ठरवून ठेवा.

कराडचा_मामा
दाखला 2 लाख 40 हजाराचा आहे. अर्ज केला नव्हता, उद्या करतो. डिपॉझिट 12 लाख, ते भरल्यावर तारीख मिळणार, बाकीचे डिस्चार्जच्या आत. तिसऱ्या गोष्टीवर रात्री बहिणीशी आणि दाजींशी बोललो. बहीण म्हणाली, उरले तर त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या बाळाच्या ट्रान्सप्लांटला द्यायचे. तीच म्हणाली, कोणाला विचारायची गरज पडली नाही.

जोशीकाका_नाशिक
12 लाख डिपॉझिट आणि 6 तुमच्याकडे आहेत, म्हणजे पेजवरच्या पहिल्या 6 लाखाने तारीख मिळते. ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, ती वर घ्या. साडेसोळा लाख ऐकून माणूस म्हणतो माझ्या 500 ने काय होणार, पण 6 लाखाला तारीख मिळते म्हटलं की त्याला पुढचा टप्पा दिसतो.

शुभदा_के
बरोबर बोललात काका. फक्त गेटवेचे धरून सव्वासहा लिहा. मी मजकूर लिहून बघते, तुमच्या भाषेत बदला:

"आमची मुलगी 11 महिन्यांची आहे. तिला बिलिअरी अट्रेझिया आहे. तिसऱ्या महिन्यात कसाई ऑपरेशन झालं, पण कावीळ गेली नाही आणि आता पोटात पाणी होतं आहे. डॉक्टरांनी सहा ते आठ आठवड्यांत लिव्हर ट्रान्सप्लांट करायला सांगितलं आहे. आधी वडिलांची तपासणी झाली, पण त्यांना फॅटी लिव्हर असल्यामुळे ते देऊ शकत नाहीत. आई लिव्हरचा भाग देणार आहे, तिच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत.

एकूण खर्च 22 लाख: हॉस्पिटलचं पॅकेज 17 लाख, रक्त दीड लाख, दिवस वाढले तर राखीव 2 लाख, पुण्यात तीन महिने राहणं 60 हजार, सहा महिन्यांची औषधं आणि तपासण्या 90 हजार. आमचे 3 लाख, नातेवाइकांचे 1 लाख, एका ट्रस्टकडून मंजूर 2 लाख. बाकी 16 लाख, पेमेंटचा खर्च धरून 16 लाख 50 हजार. पहिले सव्वासहा लाख जमले की डिपॉझिट पूर्ण होऊन ऑपरेशनची तारीख मिळेल. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि हॉस्पिटलची धर्मादाय सवलत यासाठी अर्ज केले आहेत, जे मिळेल तेवढं टार्गेट कमी करू. हॉस्पिटलचा खर्च थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाईल, राहण्याचे आणि औषधांचे दीड लाख आईच्या खात्यात. रक्कम उरली किंवा ऑपरेशन होऊ शकलं नाही, तर ती याच हॉस्पिटलातल्या दुसऱ्या बाळाच्या ट्रान्सप्लांटला देऊ. दर रविवारी इथे हिशोब टाकू आणि शेवटी अंतिम बिल."

धर्मादायचा अर्ज खरंच दिल्यावरच ती ओळ ठेवा.

विन्या_सोलापूर
याला मी देईन. लाइव्ह झालं की लिंक टाका.

पराग_डिजिटल
मजकूर प्रामाणिक आहे, पण लांब आहे. मोबाइलवर पहिल्या दोन ओळीच दिसतात, तिथे "पहिल्या सव्वासहा लाखाला तारीख" पाहिजे, आजाराचं नाव नंतर. आणि फोटो? नळ्या लावलेला रडणारा फोटो असेल तर लोक थांबतात, हे माझ्या कामात रोज दिसतं.

न्यूजर्सीची_प्राची
मला तो फोटो नको वाटतो. ती मोठी झाल्यावर इंटरनेटवर तोच सापडणार ना. आईच्या कडेवरचा साधा फोटो टाका, चेहरा दिसला तरी चालेल.

पराग_डिजिटल
आधी मोठी होऊ दे ना ताई. ज्याने जास्त पैसे येतील तो टाकावा असं मला मनापासून वाटतं.

शुभदा_के
माझ्या ऑफिसातच यावर दोन मतं आहेत. आईबाप काय म्हणतात तेच करा मामा. फक्त फोटो खरा आणि अलीकडचा असू दे, कोपऱ्यात दुसऱ्या पेशंटचं नाव किंवा केसपेपर दिसत नाही ना ते बघा. आणि एस्टिमेट पत्राची तारीख काय आहे?

कराडचा_मामा
तीन महिन्यांपूर्वीची. दाजींच्या तपासण्या चालू होत्या तेव्हाचं पत्र, नंतर बहिणीचं नाव वरून पेनाने घातलंय, शिक्का आहे.

शुभदा_के
पेनाने खाडाखोड असलेलं पत्र टाकू नका, शिक्का असला तरी. नवीन तारखेचं, दाता म्हणून आईचं नाव छापलेलं, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेलं पत्र मागून घ्या. तपासणारा माणूस मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तो क्रमांक टाकून बघतो. आणि तीन महिन्यांत पॅकेजचा आकडा बदलला असेल तर आपली सगळी बेरीज परत करायला लागेल.

कराडचा_मामा
उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला निघतो. बिलिंगमधून नवीन पत्र घेतो, धर्मादायचा अर्ज तिथेच देतो आणि बाळाच्या नंबरवर डिपॉझिट कसं भरायचं ते विचारतो. एजन्सीवाल्याला सही करत नाही असं कळवलंय, तो म्हणतोय 20 टक्क्यात करतो, त्यावर दाजी अजून विचार करतायत. नवीन आकडा मिळाला की इथं टाकतो, बेरीज पुन्हा एकदा बघून द्या.